उत्पन्नाच्या प्रमाणात भांडण

शाळेत त्रैराशिक शिकवतात तेव्हा त्यात कामगार असतात, खड्डे असतात, फार तर एखादा गळका हौद असतो. सख्खी बहीण कधीच नसते. म्हणूनच ती गणितं सुटतात. बारा कामगारांपैकी एकही मध्येच उठून म्हणत नाही की, "ताई, पण आधी खड्डा म्हणजे नक्की काय ते ठरवू या."

आम्ही दोघी बहिणींनी मिळून घर घेतलं. राहणार दोघी, कर्जावर सह्या दोघींच्या. कर्ज पन्नास लाख, व्याज नऊ टक्के, मुदत पंधरा वर्षं, आणि हप्ता बसला महिना ५०,७१३. पन्नास हजारांपर्यंत आमची काही तक्रार नव्हती. वरचे ७१३ मात्र पहिल्या दिवसापासून दोघींच्या डोळ्यांत खुपत होते.

धाकटी नोकरी करते. तिला ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार मिळतो. मी घरी बसून लोकांचे मजकूर तपासून देते, म्हणजे मला पैसे मिळतात तेव्हा मिळतात. तिचे महिन्याचे नव्वद हजार, माझे सरासरी साठ. निम्मे-निम्मे भरायचं तर प्रत्येकी २५,३५६ झाले असते आणि मी त्याला तयारही होते, कारण थोरल्या बहिणीला एक मान असतो आणि तो मान फार महागात पडतो. पण धाकटीच म्हणाली, "ताई, निम्मं नको. तुझी ओढाताण होईल. उत्पन्नाच्या प्रमाणात भरू. नव्वद आणि साठ, म्हणजे तिनास दोन. मी ३०,४२८ भरते, तू २०,२८५ भर. संपलं!"

मला अगदी भरून आलं. लहानपणी हिला मी किती छळलं आणि ही बघा कशी निघाली, वगैरे वगैरे. त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी ती दात घासता घासता माझ्या दारात येऊन उभी राहिली. "ताई, नव्वद हा माझा कागदावरचा पगार आहे हं. हातात सत्तरच येतात."

आता हे खोटं नव्हतं. पण खरं असलं म्हणून काय झालं? मी म्हटलं, माझ्याही साठातले आठ कर आणि कामाच्या खर्चात जातात, हातात बावन्न राहतात. "मग झालं तर," ती म्हणाली, "सत्तर आणि बावन्न धरू. दोघींचं हातातलं. त्याहून न्याय्य काय असणार?" ऐकायला ते न्याय्यच वाटत होतं. मोबाइलवर हिशेब केला तर माझा वाटा आला २१,६१५. एका रात्रीत तेराशे तीस वाढले! आणि यात तिची लबाडी काहीच नव्हती. कर चढत्या दराने लागतो, जास्त मिळवणाऱ्याचा जास्त कापला जातो. त्यामुळे कागदावरच्या उत्पन्नाऐवजी हातातलं उत्पन्न धरलं की दोघांमधलं अंतर आक्रसतं आणि कमी मिळवणाऱ्याचा वाटा फुगतो. म्हणजे सरकारने तिच्याकडून घेतलेला कर ती माझ्याकडून थोडा थोडा वसूल करत होती.

मी म्हटलं, "पगाराची पावती दाखव."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. पावतीवर नाही."

पावतीत वीस हजारांची कपात होती. त्यातले अकरा कराचे वगैरे होते, ते गेलेच. पण नऊ हजार तिच्या निवृत्तीच्या निधीत जमा होत होते. मी बोट ठेवलं. "हे पैसे कुणाचे?"

"माझेच. पण ते मला म्हातारपणी मिळणार."

"मिळणार ना? मग मोज. माझ्या म्हातारपणासाठी कुणी कापून ठेवत नाही, मी बावन्नातूनच बाजूला टाकते आणि ते बावन्न मी पूर्ण मोजलेत."

हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. करकपात म्हणजे गेलेले पैसे आणि सक्तीची बचत म्हणजे फक्त लपवलेले पैसे. उत्पन्न ठरवताना पहिले वगळायचे आणि दुसरे मोजायचे. नाहीतर ज्याची कंपनी जास्त बचत कापते तो कागदोपत्री गरीब ठरतो आणि जो स्वतःच्या हाताने बचत करतो तो उगाच श्रीमंत. धाकटीचे सत्तर मी एकोणऐंशी करून घेतले.

मग तिने माझ्या आठ हजारांवर धाड घातली. "ही खुर्ची कसली?"

"कामाची."

"तीन वर्षांपूर्वी घेतलेली खुर्ची या वर्षीच्या खर्चात? आणि इंटरनेटचं पूर्ण बिल? त्यावर रात्री तू काय बघत असतेस ते मला माहीत आहे."

खुर्ची बाहेर गेली. इंटरनेट निम्मं आत आलं. वीजबिलावर संध्याकाळ गेली. पण तपासणीच्या एका सॉफ्टवेअरची वर्गणी मी धरायला विसरले होते, ती आत आली आणि आकडा फिरून पुन्हा बावन्नावरच येऊन बसला. एकोणऐंशी आणि बावन्न. माझा वाटा आला २०,१३०.

म्हणजे पहिल्या रात्री डोळे झाकून ठरवलेले २०,२८५, आणि खुर्ची-वीज-निधी-कर सगळं पिंजून काढल्यावर आलेले २०,१३०. फरक १५५ चा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "साठ-चाळीस?" ती म्हणाली. "साठ-चाळीस," मी म्हटलं. पुन्हा २०,२८५ वर आलो. १५५ मी थोरलेपणाच्या खात्यात टाकले.

आई हे सगळं ऐकत बसली होती. ती म्हणाली, "एवढं कशाला करता? हप्ता गेल्यावर दोघींच्या हातात सारखेच पैसे उरू देत. म्हणजे कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

मी तत्परतेने आकडेमोड केली. दोघींचे मिळून एक लाख एकतीस हजार, त्यातून हप्ता वजा, उरलेले सारखे वाटले तर प्रत्येकीला चाळीस हजार एकशे त्रेचाळीस. त्यासाठी मी भरायचे ११,८५७ आणि धाकटीने ३८,८५७. मी म्हटलं, "आई, तुझं म्हणणं विचार करण्यासारखं आहे." धाकटीने आईकडे असं पाहिलं की आई उठून देवापाशी गेली. पण खरं सांगायचं तर आईने नेमकी दुखती जागा दाबली होती. उत्पन्नाच्या प्रमाणात भरलं की दोघींच्या कमाईचा सारखाच टक्का जातो, पण सारखी रक्कम उरत नाही. माझ्याकडे उरतात एकतीस हजार सातशे, तिच्याकडे साडेअठ्ठेचाळीस हजार. औषधाचं बिल टक्क्यांत येत नाही, रकमेत येतं. तरी आम्ही प्रमाणच धरून राहिलो, कारण आईच्या पद्धतीत मी आणखी एक हजार मिळवले तर त्यातले पाचशे थेट हप्त्यात जाणार आणि धाकटीचंही तसंच. मग मेहनत कोण करणार? दोघी एकमेकींच्या बढतीची वाट बघत लोळत पडलो असतो.

लोळण्याचा मोह प्रमाणातही आहेच, फक्त कमी. हा शोध मला लागला, कारण सुरुवातीला आम्ही प्रमाण दर महिन्याला नव्याने काढायचो. मला एका महिन्यात दमडी मिळायची नाही आणि दुसऱ्या महिन्यात तीन जणांची थकलेली बिलं एकदम यायची. पहिल्या महिन्यात सगळा हप्ता धाकटीवर. दुसऱ्या महिन्यात मी वर आणि ती खाली. महिनाअखेर जवळ आली की ती मला सहज विचारल्यासारखं विचारायची, "ते पुस्तकवाले देणार होते ना तुझे पैसे? दिले?" आणि मी ज्या लोकांच्या मागे वर्षभर पैशांसाठी लागलेली असायचे, त्यांनाच म्हणायचे, "काही घाई नाही हो, पुढच्या महिन्यात दिलेत तरी चालेल." ते गोंधळून जायचे. एकाने तर घाबरून त्याच दिवशी पैसे पाठवले.

त्या काळात मी एक आकडा काढून ठेवला होता. मी महिन्याला एक हजार जास्त मिळवले तर माझा हप्ता २३२ नी वाढतो आणि तिचा तेवढाच कमी होतो. म्हणजे माझ्या प्रत्येक जादा हजारामागे सव्वादोनशेच्या वर धाकटीची बक्षिसी. उलट तिला दहा हजारांची पगारवाढ मिळाली तर माझे महिन्याचे चौदाशे वाचतात. तिच्या बढतीसाठी मी नवस बोलले होते ते तिला अजून माहीत नाही.

शेवटी दर महिन्याचं मोजमाप बंद केलं. मागच्या बारा महिन्यांची सरासरी धरायची, त्यावरून प्रमाण ठरवायचं आणि ते वर्षभर हलवायचं नाही. बोनस, थकबाकी, एकदम आलेली बिलं, सगळं त्या बारा महिन्यांत विरघळतं. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोघींनी आपापले कागद घेऊन बसायचं. मध्येच एखादीची नोकरी गेली किंवा उत्पन्न पाव हिश्शाहून जास्त घसरलं तरच आधी बसायचं. हे फार चांगलं चाललं. वर्षातून एकदाच भांडण झालं की ते नीट तयारीने करता येतं.

मधल्या काळात बँकेने आम्हाला आमची जागा दाखवली. आपलं साठ-चाळीस कर्जाच्या कागदांवर कुठेतरी नोंदवून घ्यावं, असं मला वाटत होतं. म्हणजे माझा वाटा मी भरला की माझ्यापुरतं मी सुटले. काउंटरवरच्या बाईंनी मला शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यात काय ते तुम्ही ठरवा. आम्हाला पूर्ण हप्ता हवा. दोघींनी भरा, एकीने भरा. नाही भरला तर पूर्ण दोघींकडे मागू." म्हणजे बँकेच्या लेखी मी चाळीस टक्के कर्जदार नाही. मी शंभर टक्के आहे आणि धाकटीही शंभर टक्के. पन्नास लाखांच्या कर्जाला दोनशे टक्के कर्जदार मिळाल्यावर बँक सुखाने का झोपणार नाही?

याचा प्रत्यय लगेच आला. एका महिन्यात मी माझे २०,२८५ सुट्यासकट पाठवले. धाकटीने पाठवले ३०,४००. "वरचे अठ्ठावीस पुढच्या महिन्यात बघू," असा तिचा साहेबी थाट. खात्यात झाले ५०,६८५. हप्ता ५०,७१३. बँक असा विचार करत नाही की, चला, जवळपास आहे, एवढे घेऊ आणि अठ्ठावीस उधार ठेवू. एक तर पूर्ण हप्ता कापला जातो, नाहीतर परत जातो. तो परत गेला. दंड लागला तो अठ्ठावीसच्या कैक पटींनी आणि हप्ता चुकल्याची नोंद दोघींच्या नावावर, म्हणजे सुटे पैसे मोजून भरणाऱ्या माझ्याही नावावर.

"दंडसुद्धा साठ-चाळीसच ना?" धाकटीने विचारलं.

मी म्हटलं, "दंड उत्पन्नाच्या प्रमाणात नसतो. पापाच्या प्रमाणात असतो."

त्यानंतर हप्त्यासाठी वेगळं संयुक्त खातं उघडलं. दोघींच्या खात्यांतून हप्त्याच्या तीन दिवस आधी आपोआप पैसे तिथे जातात, पूर्णांकात आणि वरच्या बाजूला धरून, आणि एका हप्त्याएवढी रक्कम तिथे कायम पडून असते. ती रक्कमही साठ-चाळीसनेच भरली, हे सांगायला नकोच.

इतपत सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं, तोच मामा आले. मामांनी आयुष्यभर लोकांच्या हिशेबवह्या तपासल्या. निवृत्त झाल्यापासून ते नातेवाइकांच्या तपासतात. आमचा तक्ता त्यांनी चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला आणि विचारलं, "घर कुणाच्या नावावर?"

"दोघींच्या. निम्मं-निम्मं."

"आणि हप्ता साठ-चाळीस?"

"हो."

"मग हे ५,०७१ काय आहेत?"

आम्हाला कळेना. मामांनी पेन्सिलने लिहून दाखवलं. निम्मं घर माझं, म्हणजे निम्मा हप्ता माझा, २५,३५६. मी भरते २०,२८५. उरलेले ५,०७१ दर महिन्याला माझ्या वतीने धाकटी भरते. "हे उसने आहेत," मामा म्हणाले, "की भेट आहेत, की ती तुझा घरातला वाटा विकत घेते आहे? तिन्हीपैकी एक काहीतरी असणारच. पंधरा वर्षांत नऊ लाखांच्या वर जातात ते, व्याज न धरता."

खोलीत शांतता पसरली. मला एकदम कळलं की साठ-चाळीस ठरवताना आम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टी ठरवत होतो आणि दोघींना वाटत होतं की एकच ठरते आहे. मी समजत होते की हा झेपेल तसा भार आहे: एका घरात राहतो, जिच्याकडे जास्त आहे ती जास्त उचलते, घर मात्र दोघींचं सारखं. धाकटी, निदान मामांनी विचारल्यानंतरची धाकटी, समजत होती की भरेल तसा वाटा आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. साठ टक्के भरून तिला साठ टक्के घर मिळणार असेल, तर तिने माझा भार उचलला असं म्हणता येत नाही. तिने मोठा तुकडा घेतला आणि मोठे पैसे दिले, एवढंच. मग उत्पन्नाचा संबंधच उरत नाही.

"समजा वाटाच धरला," धाकटी सावधपणे म्हणाली, "तर प्रत्येकीने जेवढं मुद्दल फेडलं तेवढं घर तिचं, असं मोजायचं ना?"

मामांनी जीभ चावली. "तसं मोजशील तर मरशील." आणि त्यांनी हप्त्याचं पोट फाडून दाखवलं. पहिल्या हप्त्याच्या ५०,७१३ मध्ये व्याजच ३७,५००, मुद्दल फक्त १३,२१३. पहिल्या पाच वर्षांत आम्ही तीस लाखांवर रक्कम भरणार आणि त्यातून मुद्दल उतरणार जेमतेम दहा लाख. शेवटच्या पाच वर्षांतही तेवढेच तीस लाख भरणार, पण तेव्हा मुद्दल उतरणार साडेचोवीस लाखांच्या आसपास. "आता तू जास्त भरते आहेस," मामा धाकटीला म्हणाले, "म्हणजे तू व्याज भरते आहेस. दहा वर्षांनी ताईचं उत्पन्न वाढलं, प्रमाण उलटं झालं, की ताई भरेल मुद्दल. मुद्दलाने मोजाल तर तिला घर मिळेल आणि तुला पुण्य."

मला पहिल्यांदाच माझ्या भवितव्याबद्दल आशा वाटली. पण मामांनी तीही टिकू दिली नाही. ते म्हणाले, प्रमाण दरवर्षी बदलणार असेल तर मुद्दल आणि व्याज वेगळं काढूच नका, पूर्ण हप्ता मोजा. व्याजही कुणीतरी भरलंच आहे, त्याशिवाय घर हातात राहिलं नसतं. किंवा कर्जाचे सुरुवातीलाच मनातल्या मनात दोन तुकडे करा, एक तुझा, एक तिचा, आणि जी आपल्या तुकड्याला कमी पडेल तिला दुसरीने दिलेले पैसे साध्या वहीत लिहा. मग प्रश्न एवढाच उरतो की वहीतले पैसे परत करायचे की नाही.

त्याच सुमारास धाकटीला तीन लाखांचा बोनस मिळाला. कर्जाला दोन वर्षं झाली होती. ते पैसे ती कर्जात टाकणार म्हणाली आणि मी मनापासून पाठिंबा दिला. बँकेने विचारलं, मुदत कमी करू की हप्ता? मुदत, म्हणाली ती, म्हणजे लवकर सुटू. हिशेब पाहिला तर तीन लाख टाकल्यामुळे शेवटचे जवळजवळ अठरा हप्ते उडत होते. अठरा हप्ते म्हणजे नऊ लाख. आमच्या साठ-चाळीसने त्यातला माझा फायदा तीन लाख साठ हजार.

मी गप्प बसले. मामांनी मात्र बोट वर केलं. "पैसे तिचे आणि साडेतीन लाख सुटका हिची? हिने काय केलं?"

"मी पाठिंबा दिला," मी म्हटलं.

हे कोडं सुटलं ते बँकेच्या त्या दुसऱ्या पर्यायाने. मुदत तीच ठेवायची, हप्ता कमी करून घ्यायचा. तीन लाख गेल्यावर हप्ता ५०,७१३ वरून ४७,४४४ वर येत होता. खाली आलेले ३,२६९ सगळेच्या सगळे धाकटीचे. ती आता २७,१५९ भरते, मी माझे जुने २०,२८५ च भरते, आणि तिच्या बोनसचा माझ्या हप्त्याशी संबंध राहत नाही. मुदत कमी केली असती तर व्याज एकूण जास्त वाचलं असतं, हे खरं. पण ते वाचलेलं कुणाचं, हे ठरवण्यात आमची पंधरा वर्षं गेली असती. दोघांनी मिळून घेतलेल्या कर्जात एकाने जादा पैसे टाकायचे असतील तर हप्ता उतरवून घ्यावा, असं माझं आता ठाम मत आहे. आणि तीन लाख साठ हजार हातचे गेले असतानाही ते ठाम आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

राहता राहिले ते ५,०७१. उसने म्हणायला धाकटीला संकोच आणि भेट म्हणायला मला. शिवाय भेट म्हटली की ती कागदावर तशी लिहावी लागते, म्हणजे उद्या आमच्यापैकी कुणी घर विकू म्हणालं किंवा आमच्या माघारी आणखी कुणी वाटे मागायला आलं, तर वहीतलं हे वर्षानुवर्षांचं ओझं अचानक "येणे बाकी" म्हणून उभं राहणार नाही. मामा म्हणाले, "भांडण नसताना लिहून ठेवा. भांडण झाल्यावर अक्षर चांगलं येत नाही."

दोन-चार दिवस धाकटी विचारात होती. मग एका सकाळी पुन्हा दारात. हातात ब्रश नव्हता, मोजपट्टी होती.

"ताई, ५,०७१ भेट नाहीत आणि उसनेही नाहीत."

"मग?"

"मोठी खोली मी घेते. बाल्कनीवाली. ५,०७१ हे त्या जादा जागेचं भाडं. घर निम्मं-निम्मं, हिशेब बरोबर, कुणाचे उपकार नाहीत."

मी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. असा सुंदर तोडगा मामांनाही सुचला नव्हता. आणि त्या मोठ्या खोलीत गेली दोन वर्षं मी राहते.

"मोज," मी म्हटलं.

तिने मोजली. माझी खोली तिच्या खोलीपेक्षा पन्नास चौरस फुटांनी मोठी, अधिक बाल्कनी. मी म्हटलं, पन्नास फुटांना महिना ५,०७१ हे जगात कुठेच नाही, दर काढ. तिने दर काढला तर भाडं आलं दीड हजारांच्या आत. म्हणजे तेवढे ५,०७१ मधून वजा आणि बाकीच्या साडेतीन हजारांचं पुन्हा तेच, उसने की भेट. यावर ती म्हणाली की बाल्कनीतला सकाळचा उजेड धर. मी म्हटलं, दुपारचं ऊनही धर मग, ते वजा कर. शिवाय माझं उत्पन्न त्याच खोलीत बसून मिळतं. खोली तिच्याकडे गेली तर माझं उत्पन्न घटणार, ते घटलं की प्रमाण बदलणार आणि प्रमाण बदललं की तिचा हप्ता वाढणार. हे तिला पटवायला मला तक्ता काढावा लागला.

तक्ता पाहून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाल्कनी पूर्ण धरायची की निम्मी?"

मामांना फोन केला आहे. ते येताना स्वतःची मोजपट्टी आणणार आहेत, कारण आमच्या मोजपट्टीवर त्यांचा विश्वास नाही.